भाषांतर : एक अमानत



आपल्या वस्तीतील एखादे वृद्ध गृहस्थ असरच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर आपल्याला थांबवतात आणि हातातील दोन कागद पुढे करून म्हणतात, "बेटा, तुला अरबी येते ना? एवढे मराठीत लिहून दे." आपण मान डोलावतो, कागद खिशात ठेवतो आणि घरी येऊन पंधरा-वीस मिनिटांत काम उरकतो. या पंधरा-वीस मिनिटांत आपण नेमके काय केले? शेजारधर्म पाळला, एक छोटी सेवा केली, की कोणाची तरी अमानत हाती घेतली? हा प्रश्न मला पडला तो माझ्या हातून एक चूक झाली म्हणून. ती चूक आपल्यापुढे मांडून या प्रश्नाचा विचार करावा, असे वाटते.

गेल्या जानेवारीतील ही गोष्ट आहे. नेरूळमध्ये आमच्या शेजारी राहणारे चाचा ७३ वर्षांचे आणि चाची ६८ वर्षांच्या. दोघेही मूळचे रायगड जिल्ह्यातील, मराठी शाळेत शिकलेले. मुलगा जेद्दाहमध्ये नोकरीला. आईवडिलांना उमरा घडवावा ही त्याची अनेक वर्षांची इच्छा. त्याने तिथल्याच एका स्थानिक कचेरीतून विमानाची तिकिटे आणि मक्केतील हॉटेलची खोली नक्की केली आणि कागद मोबाइलवर पाठवून दिले. तिथल्या कचेरीतून आलेले कागद साहजिकच अरबीत होते. इंग्रजी होते ते फक्त प्रवाशांच्या नावांत, आरक्षण क्रमांकात आणि BOM, JED अशा विमानतळांच्या संकेताक्षरांत.

वाचता येते, पण समजत नाही

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चाचा-चाचींना अरबी अक्षरे अनोळखी नाहीत. बालपणापासून कुरआनची तिलावत करणाऱ्या माणसाला ती अडखळत का होईना, लावता येतात. चिनी किंवा रशियन कागद हाती आला असता तर त्यांनी तो सरळ दुसऱ्याकडे दिला असता. अरबी कागद मात्र ओळखीचा वाटतो, आणि गैरसमजाची सुरुवात या ओळखीतूनच होते.

चाचांनी हॉटेलच्या कागदाचे शीर्षक स्वतःच वाचले होते. तेथे 'ताकीद अल-हज्ज़' असे छापलेले होते. त्यांनी डोळे मोठे करून मला विचारले, "यात हजचेही काही आहे का रे?" 'हज' आणि 'हज्ज़' या दोन शब्दांत शेवटच्या एका अक्षराचा फरक आहे. 'हज्ज़' म्हणजे राखून ठेवणे, आरक्षण. 'ताकीद अल-हज्ज़' म्हणजे केवळ 'आरक्षण निश्चित झाल्याची खात्री'. आपण मराठीत एखाद्याला 'ताकीद' देतो ती बजावण्यासाठी. अरबीत तोच शब्द खात्री सांगतो. एका शीर्षकातले दोन्ही शब्द ओळखीचे, आणि दोन्ही फसवे.

दुसऱ्या ओळीत 'शामिल अल-इफ्तार' असे होते. चाचींना याचा मोठा आनंद झाला होता. प्रवास शाबान महिन्यात होता, त्यांचा काही नफल रोजे ठेवण्याचा विचार होता आणि हॉटेलवालेच संध्याकाळी इफ्तार देणार, असे त्या समजून बसल्या होत्या. हॉटेलच्या कागदावर मात्र एरवीच्या दिवसांत 'इफ्तार' म्हणजे सकाळची न्याहारी. रात्रभराचा उपवास मोडणारे पहिले खाणे, या मूळ अर्थाने तो शब्द तेथे येतो. रमजानमध्ये तोच शब्द सूर्यास्ताच्या भोजनासाठी येऊ शकतो, म्हणून रमजानच्या आरक्षणात 'सहूर' हा शब्द सोबत आहे का ते पाहावे लागते आणि तरीही शंका राहिली तर हॉटेलला विचारावे लागते. शाबानमध्ये शंकेचे कारण नव्हते. मी 'सकाळची न्याहारी भाड्यात धरली आहे' असे लिहिले. चाची क्षणभर हिरमुसल्या, मग म्हणाल्या, "बरे झाले आधीच कळले. खजूर सोबत घेईन."

साठ पावले की चढण?

आकड्यांचा गैरसमज याहून सूक्ष्म आहे. अरबी कागदावर अरबी अंक असतात आणि मराठी डोळ्याला ते वेगळेच दिसतात. अरबी पाच हे पोकळ वर्तुळ, म्हणजे हुबेहूब आपले शून्य. अरबी शून्य हा नुसता एक ठिपका. अरबी चार आपल्या सहासारखा दिसतो. ज्यांना उर्दूचे अंक येतात त्यांनीही निर्धास्त राहू नये, कारण उर्दूतील चार, पाच आणि सहा यांची वळणे अरबीहून निराळी आहेत.

हॉटेलच्या कागदावर हरमपासूनचे अंतर ४५० मीटर लिहिले होते. अरबी अंकांतील हे ४५० मराठी डोळ्यांनी पाहा : पहिला अंक सहासारखा, दुसरा शून्यासारखा, तिसरा नुसता ठिपका, जणू वाक्य संपल्याची खूण. चाचांच्या नातवाने ते 'साठ' वाचले होते आणि घरभर सांगितले होते की, हॉटेलमधून बाहेर पडले की साठ पावलांवर हरम! चाचांच्या गुडघ्याचे दुखणे सर्वांना माहीत होते, म्हणून ही बातमी ऐकून सर्वांनी अल्हम्दुलिल्लाह म्हटले होते.

बरे, ४५० मीटर म्हणजे कोठून कोठपर्यंत? कागदावर 'साहात अल-हरम' असा उल्लेख होता. 'साहात' म्हणजे मशिदीभोवतीची मोकळी अंगणे. म्हणजे हे अंतर बाहेरच्या अंगणाच्या कडेपर्यंतचे. तेथून आत मताफपर्यंतचे चालणे वेगळे. शिवाय मक्का हे डोंगरांमधले शहर. कित्येक हॉटेले चढावर आहेत, आणि येता-जाता पाच वेळा चढायचे ४५० मीटर हे सपाटीवरच्या ४५० मीटरांसारखे नसतात. चढणीचा उल्लेख आरक्षणाच्या कागदावर सहसा नसतोच.

याच 'हरम' शब्दाबद्दल आणखी एक सावधगिरी हवी. काही कागदांवर 'दाखिल हुदूद अल-हरम', म्हणजे 'हरमच्या हद्दीत' असे असते. आपण हरम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मस्जिद-ए-हराम उभी राहते. पण हरमची हद्द म्हणजे मक्केभोवतीचा संपूर्ण पवित्र प्रदेश. मिना आणि मुज्दलिफा त्या हद्दीत येतात, अजीजियाची वस्तीही येते आणि ती मशिदीपासून काही किलोमीटर दूर आहे. 'हॉटेल हरमच्या हद्दीत आहे' हे वाक्य शब्दशः खरे असूनही वृद्ध प्रवाशाच्या मनात ते खोटे चित्र उभे करू शकते. भाषांतरकाराने शब्द खरा ठेवला आणि चित्र खोटे होऊ दिले, तर तो सुटला असे म्हणता येईल का?

जुम्याची रात आणि शुक्रवारची रात्र

आता माझी चूक सांगतो. 'हज्ज़' ओळखणारा, 'इफ्तार' ओळखणारा, ४५० नीट वाचणारा मी सर्वांत साध्या ठिकाणी घसरलो.

विमानाच्या कागदावर जाण्याची तारीख होती २३ जानेवारी २०२६, वार जुमा. वेळ १२:४०, आणि तिच्यापुढे 'साद' हे एक अक्षर. अरबीत वेळेपुढे 'साद' आले तर 'सबाहन', म्हणजे मध्यरात्रीपासून दुपारपर्यंतचा काळ, आणि 'मीम' आले तर 'मसाअन', म्हणजे दुपारपासून मध्यरात्रीपर्यंतचा. (हेच 'मीम' तारखेपुढे आले तर 'मीलादी', म्हणजे इसवी सन. एकच अक्षर, जागा बदलली की अर्थ बदलतो.) म्हणजे ही वेळ मध्यरात्र उलटून ४० मिनिटांची होती. मी मराठीत लिहिले : 'शुक्रवार, २३ जानेवारी, रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी विमान सुटेल.'

शब्दाला शब्द जुळवून पाहा. वार बरोबर, तारीख बरोबर, वेळ बरोबर, मध्यरात्रीला 'रात्री' म्हणणेही बरोबर. तरीही हे भाषांतर धोकादायक होते. कारण मराठी माणूस 'शुक्रवारी रात्री' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात शुक्रवारचा दिवस उजाडतो, मावळतो आणि मग रात्र होते. चाचांनी माझे मराठी वाचून लगेच बेत ठरवला : "जुमा इथेच पढू, दुपारी आराम करू, मगरिब झाली की निघू." त्या बेताप्रमाणे ते शुक्रवारी रात्री विमानतळावर पोहोचले असते, तेव्हा विमान सुटून जवळजवळ वीस तास झाले असते. तिकिटावर खाली लिहिलेले होते : 'गैर काबिल लिल-इस्तिर्दाद', म्हणजे पैसे परत मिळणार नाहीत.

चूक पकडली ती चाचींनी. सोमवारी संध्याकाळी मी त्यांना कागद वाचून दाखवत होतो. चाची म्हणाल्या, "थांब. अरबीत लिहिले आहे ना? मग ही जुम्याची रात की शुक्रवारची रात्र?"

वाचकहो, या प्रश्नापुढे माझी विद्या उघडी पडली. आपल्या दीनमध्ये दिवस मगरिबपासून सुरू होतो. रमजानचा पहिला रोजा उद्या असेल तर तरावीह आज रात्री. गुरुवारी सूर्य मावळला की जुम्याची रात सुरू होते, म्हणूनच आपल्या घरांत गुरुवारला जुमेरात म्हणतात. चाची आयुष्यभर गुरुवारी मगरिबनंतर जुम्याची रात म्हणून सूरह कहफ पढत आल्या. विमान कंपनीचे घड्याळ मगरिबला नव्हे, मध्यरात्री तारीख बदलते, हे खरे. पण दोन्ही हिशेबांत एक गोष्ट समान आहे : ती रात्र शुक्रवारच्या दिवसाच्या आधीची आहे, नंतरची नाही. चाचींनी विमानाचे वेळापत्रक कधी पाहिले नव्हते, पण रात्र कोणत्या दिवसाची हे विचारायला हवे, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

मी ती ओळ खोडून नव्याने लिहिली : 'गुरुवार, २२ जानेवारी. मगरिबची नमाज घरी पढून रात्री ८ वाजता निघायचे. साडेनऊच्या सुमारास विमानतळावर पोहोचायचे. विमान त्याच रात्री, मध्यरात्रीनंतर १२:४० ला सुटेल. तेव्हा तारीख २३ जानेवारी, शुक्रवार झालेली असेल.' मूळ अरबीत एक ओळ होती, मराठीत चार झाल्या. तरीही पहिल्या एका ओळीपेक्षा या चार ओळीच मुळाशी अधिक प्रामाणिक आहेत, असे मला वाटते.

लिहिणाऱ्याची जबाबदारी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भाषांतर ही सेवा की अमानत?

पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, २:२८२) नमाज, रोजा किंवा स्वर्ग-नरक यांविषयी नाही, तर कागद लिहिण्याविषयी आहे. उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि अल्लाहने त्याला लिहिण्याचे ज्ञान दिले आहे म्हणून लिहिण्यास नकार देऊ नये, असा तिचा आशय आहे. पुढे त्याच आयतीत अशा माणसाचा उल्लेख येतो, जो दुर्बल आहे किंवा स्वतः मजकूर सांगू शकत नाही. त्याच्या वतीने त्याच्या पालकाने न्यायाने मजकूर सांगावा, असा आदेश आहे. आयत कर्जाच्या व्यवहाराची आहे, प्रवासाच्या कागदाची नाही, हे मान्य. पण तिने दाखवलेले नाते आपल्या प्रश्नाला लागू पडते : एकाला लिहिता-वाचता येते, दुसऱ्याला येत नाही, आणि दुसऱ्याचे हित पहिल्याच्या लेखणीवर अवलंबून आहे. अशा वेळी लेखणी हातात असणे हा मोठेपणा नसून जबाबदारी ठरते. साक्षीदार एकाहून अधिक असण्यामागेही त्या आयतीत एक कारण दिले आहे, ते म्हणजे एकाकडून चूक झाली तर दुसऱ्याने आठवण करून द्यावी. त्या सोमवारी आठवण करून देणारी साक्षीदार चाची होत्या.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे यहुदी लोकांची पत्रे येत. ती वाचण्यासाठी आणि उत्तरे लिहिण्यासाठी त्यांनी तरुण सहाबी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना ती लिपी शिकण्यास सांगितले, आणि जैद (रजि.) यांनी ती सुमारे पंधरवड्यात आत्मसात केली, असे हदीसच्या ग्रंथांत आले आहे. दुसऱ्यांकडून पत्रे वाचून घेता आली असती, पण लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यावर पूर्ण भरवसा असणे प्रेषितांना (स.) आवश्यक वाटले. ज्याला मूळ कागद वाचता येत नाही, तो भाषांतरकारापुढे किती असहाय असतो, हे या घटनेतून उमगते.

इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या हदीससंग्रहात यावर एक स्वतंत्र प्रकरण ठेवले आहे : न्यायाधिकाऱ्यासाठी भाषांतर करणारा दुभाषी एक पुरेसा आहे का? यावर फुकहांमध्ये मतभेद आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते विश्वासू असेल तर एक पुरे. इमाम शाफई (रह.) यांच्या मते दोन हवेत. मतभेदाच्या मुळाशी प्रश्न असा की, भाषांतर ही केवळ बातमी आहे की साक्ष? बातमी असेल तर एका सच्च्या माणसाचे सांगणे पुरते. साक्ष असेल तर एकाने भागत नाही.

नवी मुंबईतील आपल्या मशिदींत हनफी आणि शाफई, विशेषतः कोकणी जमातीतील शाफई, खांद्याला खांदा लावून उभे असतात. दोन्ही इमामांची मते न्यायालयीन कामाबद्दलची आहेत. शेजाऱ्याच्या तिकिटासाठी दोन दुभाषी बसवणे फर्ज आहे, असे कोणी म्हणत नाही. तरी या मतभेदातून मी माझ्यापुरता एक बोध घेतला. हॉटेलात न्याहारी मिळते, ही बातमी आहे. ती चुकली तर एका सकाळची गैरसोय. कोणत्या रात्री घर सोडायचे, ही मात्र साक्ष आहे. ती चुकली तर सगळा प्रवास बुडतो. म्हणून तारीख, वार, वेळ आणि विमानतळ या चार गोष्टी मी आता दुसऱ्या माणसाकडून तपासल्याशिवाय कोणाच्या हाती देत नाही. तो दुसरा माणूस अरबी जाणणारा नसला तरी चालतो. ज्याच्यासाठी लिहिले, त्यालाच वाचायला लावावे आणि विचारावे, "आता सांगा, घरातून केव्हा निघणार?" उत्तरात तो तारीख सांगत नाही, बेत सांगतो. चुकीचे भाषांतर बेतात लगेच उघडे पडते.

विमानतळाचेही असेच. पूर्वी मुंबईचे विमान म्हणजे सहारचे विमानतळ, यात शंका नव्हती. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचे विमानतळही सुरू झाले आहे. अरबी कागदावर शहराचे नाव नुसते 'मुम्बाई' असेल तर भाषांतरकाराने अंदाज बांधू नये, संकेताक्षरे पाहावीत. BOM म्हणजे मुंबईचे जुने विमानतळ, NMI म्हणजे नवी मुंबईचे. नेरूळच्या वृद्ध जोडप्याला एक वाशीच्या खाडीपलीकडे आहे आणि दुसरे अलीकडेच. ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्या मागे लागू नये. कान, डोळे आणि हृदय या सर्वांना जाब विचारला जाईल, असा इशारा कुरआनने दिला आहे (१७:३६). अंदाजाने लिहिलेले विमानतळाचे नावही त्या जाबात येते.

काय वगळावे?

याहून कठीण प्रसंग अजून उरला होता. मुलाने जेद्दाहहून मला निरोप पाठवला : "भाई, भाड्याचा आकडा अब्बांना सांगू नका. एवढे पैसे गेले हे कळले तर ते येणारच नाहीत. आणि हॉटेल हरमजवळच आहे असे सांगा, म्हणजे अम्मी निश्चिंत होतील."

निरोपामागे प्रेम होते, कपट नव्हते. पण प्रेमाखातर अमानतीत फेरफार करता येतो का? मी दोन विनंत्यांना दोन वेगळी उत्तरे दिली, आणि त्यांमागचे कारण आपल्यापुढे ठेवतो.

भाडे मुलाने भरले होते. तो पैसा त्याचा, आणि तो सांगायचा की नाही हा त्याचा अधिकार. तो आकडा न कळल्याने चाचांचे काही बिघडत नव्हते. म्हणून मी तो लिहिला नाही. पण कागदाच्या शेवटी एक ओळ लिहिली : 'भाड्याचा तपशील मुलाच्या सांगण्यावरून येथे दिलेला नाही.' काही वगळणे आणि काही वगळलेच नाही असे भासवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत मौन आहे, दुसरीत असत्य. चाचांनी ती ओळ वाचली, हसले आणि म्हणाले, "म्हणजे बराच खर्च केलाय पोराने."

'पैसे परत मिळणार नाहीत' ही अट मात्र मी वगळली नाही. तीही पैशाचीच गोष्ट, पण तिचा संबंध चाचांच्या निर्णयाशी होता. आदल्या दिवशी ताप आला तर जावे की थांबावे, हे ठरवताना त्यांना ती माहीत असायला हवी. आणि अंतराबाबत मी मुलाला नम्रपणे नकार कळवला. 'जवळच' हा शब्द कागदावर नव्हता, ४५० मीटर होते. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला 'जवळच' सांगणे म्हणजे त्याला परदेशातील चढणीवर एकटे सोडणे. खरा आकडा कळला म्हणून चाचांनी चाकाच्या खुर्चीची चौकशी आधीच करायला मुलाला सांगितले. निश्चिंत व्हायला खोट्या शब्दाची गरज पडली नाही.

आईवडील वृद्धापकाळात आपल्यापाशी असतील तर त्यांच्याशी आदराने बोलावे, नम्रतेचा पंख झुकवावा, अशी शिकवण सूरह बनी इस्राईलमध्ये आहे (१७:२३-२४). आपल्याकडे या आदराचा अर्थ पुष्कळदा 'त्यांना काही कळू न देणे' असा केला जातो. वृद्धांना लहान मुलांसारखे गोड बोलून नेले-आणले जाते. पण ज्याला आपण खरे सांगत नाही, त्याचा आदर केला असे कसे म्हणावे? नम्रता आवाजात असावी, आकड्यात नसावी.

कागद आणि सल्ला

एक शेवटची गोष्ट. विमान जेद्दाहला तिथल्या घड्याळाप्रमाणे पहाटे ३:२० ला उतरणार होते. तिथली वेळ आपल्या अडीच तास मागे, म्हणून पाच तास दहा मिनिटांचा प्रवास कागदावर दोन तास चाळीस मिनिटांचा दिसतो. विमानतळातून बाहेर पडून मक्केला पोहोचेपर्यंत सकाळचे सात वाजले असते. हॉटेलच्या कागदावर प्रवेशाची वेळ होती २३ जानेवारी, दुपारी ४. म्हणजे रात्रभर जागलेले दोन वृद्ध, एहरामच्या अवस्थेत, नऊ तास खोलीविना.

हे कागदावर कोठेही लिहिलेले नव्हते. विमानाच्या कागदावर एक वेळ होती, हॉटेलच्या कागदावर दुसरी. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर हे नऊ तास दिसले. ते सांगणे भाषांतर नव्हे, सल्ला होता. ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तोही अमानतदार असतो, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. म्हणून सांगणे टाळता येईना. पण सल्ला भाषांतरात मिसळणेही योग्य नव्हते, नाहीतर 'हे हॉटेलने कबूल केले आहे' आणि 'हे मला वाटते' यांतला भेद वृद्ध माणसाला कसा कळावा?

म्हणून मी कागदाचे दोन भाग केले. पहिल्या भागाला नाव दिले 'मूळ कागदात आहे', दुसऱ्याला 'माझी सूचना'. पहिल्यात मोठ्या अक्षरांत दिवसाप्रमाणे एकेक ओळ : २३, २४, २५, २६, २७ जानेवारी या पाच रात्रींची खोली आणि २८ ला दुपारी १२ वाजता ती सोडणे. हॉटेलचे नाव, पत्ता आणि आरक्षण क्रमांक यांचे भाषांतर न करता मूळ अरबी अक्षरे जशीच्या तशी शेजारी चिकटवली, कारण ती टॅक्सीवाल्याला दाखवायची होती आणि मराठी लिपीचा तेथे उपयोग नव्हता. दुसऱ्या भागात दोनच सूचना : मुलाने हॉटेलशी बोलून खोली सकाळी मिळेल का ते विचारावे, आणि मिळणार नसेल तर सामान ठेवून बसण्याची सोय आहे का, तेही. एहरामची ओळ मी लिहिली नाही. तो मसला इमामसाहेबांना विचारावा, एवढेच सांगितले. कारण विमान जेद्दाहला उतरण्यापूर्वीच मीकात ओलांडते, आणि नीयत केव्हा व कशी करायची हे सांगणे त्यांचे काम.

गुरुवारी मगरिबनंतर चाचा-चाची निघाले. पायरीशी चाचींनी माझा कागद पुन्हा एकदा उघडून दाखवला. माझ्या खोडलेल्या ओळीवरची रेघ तशीच होती. मी नवा, स्वच्छ कागद लिहून देतो म्हटले होते, तर त्यांनी तो घेतला नाही. म्हणाल्या, "असू दे. खोडलेले दिसते म्हणून तर भरवसा वाटतो."

अमानती ज्यांच्या त्यांना पोहोचवा, असा अल्लाहचा आदेश आहे (४:५८). शब्दाची अमानत पोहोचली की नाही, हे पोहोचवणाऱ्याला ठरवता येत नाही. ज्याच्यापर्यंत ती पोहोचायची आहे, त्याला प्रश्न विचारण्याची संधी द्यावी लागते. मी ती संधी सोमवारच्या त्या संध्याकाळी दिली, तीही केवळ योगायोगाने. आता ती जाणूनबुजून देतो. उद्या आपल्यापुढे कोणी असा कागद धरला तर तो लिहून देण्यापूर्वी त्या वृद्ध माणसाला आपल्या शेजारी बसवून घ्या, एवढीच विनंती.